बॉयलर थंड करून तारीख मागताना

कारखान्यात येणारे बहुतेक सरकारी निरीक्षक स्वतःच्या वेळेनं येतात. बॉयलरच्या वार्षिक तपासणीचं तसं नाही. तिथे मालकानंच पत्र पाठवून, शुल्क भरून निरीक्षकाला बोलवावं लागतं, कारण चालू बॉयलर आतून पाहता येत नाही. तो बंद करून, गार करून, उघडून ठेवावा लागतो आणि तेवढे दिवस कारखान्याची वाफ थांबते. म्हणून हे पत्र लिहिताना नुसती विनंती करून भागत नाही. कोणत्या दिवशी बॉयलर कोणत्या अवस्थेत मिळेल, हे त्यात मालक लेखी कबूल करत असतो.

इचलकरंजीतला एखादा मध्यम प्रोसेस डोळ्यांपुढे आणा. कापड रंगवायला तासाला दोन टन वाफ देणारा, 10.54 किलो दाबाचा, स्मोक ट्यूबचा एक बॉयलर. त्याचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचं असतं. समजा ते 20 जुलैला संपतंय. मालक सहसा जुलै उजाडला की जागा होतो, आणि तिथेच घोळ सुरू होतो.

1923च्या बॉयलर कायद्यानं यातला कालक्रम बांधून दिला होता. 2025च्या नव्या कायद्यानं त्याची जागा घेतली, पण अर्ज, तपासणी आणि प्रमाणपत्र ही मूळ चौकट तीच राहिली आहे. जुन्या कायद्याप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आतली तारीख निरीक्षकानं ठरवायची आणि मालकाला किमान दहा दिवस आधी कळवायची. त्याहून मोलाचं होतं कलम 10. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज दिला असेल, तर त्यावर आदेश होईपर्यंत जुन्या प्रमाणपत्रातल्या दाबाला बॉयलर चालवता येत असे. म्हणजे 19 जुलैचा अर्ज आणि 21 जुलैचा अर्ज यांत फरक दोनच दिवसांचा असला, तरी दुसऱ्या बाबतीत बॉयलर चालवणंच बेकायदा ठरत होतं. अपघात झालेला, जागा बदललेला किंवा रचनेत फेरफार केलेला बॉयलर असेल, तर मात्र ही सवलत नव्हती. त्यामुळे अर्जाची पोच आणि शुल्काचं ग्रास प्रणालीचं चलन जपून ठेवण्याजोगं असतं.

अगदी शेवटच्या दिवशी अर्ज दिला तरी कायद्यापुरतं निभावेल, पण कामापुरतं निभावत नाही. तपासणीत एखादी नळी बदलायला सांगितली, तर तेवढे दिवस हाताशी हवेत. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात आणखी एक अडचण असते. गळीत हंगाम सुरू होण्याआधी साखर कारखान्यांचे बॉयलर एकामागून एक तपासणीला येतात, आणि त्या दिवसांत निरीक्षकाची सवड मिळणं कठीण. आपल्या प्रोसेसची मुदत जुलैत आहे, हे सोयीचंच आहे. 15 जूनला अर्ज दिला आणि 8 किंवा 10 जुलै सुचवला, तर तीस दिवसांचं गणितही बसतं आणि दुरुस्तीला दहा दिवस उरतात.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात किंवा ऑनलाइन भरला, तरी सोबतच्या पत्रात माहिती नेमकी असावी. ती अशी:

«विषय: बॉयलर क्रमांक एमआर/… च्या वार्षिक तपासणीसाठी तारीख मिळणेबाबत.

महोदय, आमच्या कारखान्यातील वरील बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत 20 जुलै रोजी संपत आहे. मंजूर दाब 10.54 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असून तापन पृष्ठभाग 60 चौरस मीटर आहे. त्यानुसार शुल्क भरल्याचे चलन सोबत जोडले आहे. बॉयलर 5 जुलै रोजी रात्री बंद करून 8 जुलै रोजी सकाळी दहा वाजता तपासणीसाठी उघडून व स्वच्छ करून ठेवला जाईल. ही तारीख सोयीची नसल्यास 10 जुलैचा विचार व्हावा. मागील तपासणीनंतर दुसऱ्या पासमधील सहा नळ्या गळतीमुळे बदलल्या आहेत. त्याची कागदपत्रे सोबत आहेत. तपासणीच्या वेळी बॉयलर अटेंडंट व देखभाल प्रमुख हजर राहतील.»

तापन पृष्ठभाग लिहायचा, कारण शुल्क त्यावर ठरतं. बंद करण्याची तारीख लिहायची, कारण आतली विटांची भिंत एका रात्रीत गार होत नाही. घाईनं गार पाणी भरून बॉयलर थंड केला, तर ट्यूब प्लेटला ताण बसून नळ्यांची टोकं सैल होतात. मग तपासणीत जी गळती सापडते, ती आपणच घडवलेली असते.

पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य त्या सहा नळ्यांचं आहे आणि नेमकं तेच गाळण्याचा मोह होतो. निरीक्षक पुढचं दार उघडून ट्यूब प्लेटवर बॅटरी मारतो, तेव्हा काजळलेल्या जुन्या टोकांमध्ये नव्यानं फुलवलेली सहा टोकं लगेच उठून दिसतात. मग प्रश्न येतो की नळ्या कुठल्या? निर्मात्याचा आयबीआर दाखला आहे का? वेल्डिंग केलं असेल तर वेल्डरचं प्रमाणपत्र त्या दिवशी चालू होतं का? काम कोणाला कळवून केलं? उत्तरं कपाटात नसतील, तर बॉयलर धडधाकट असूनही प्रमाणपत्र अडतं.

म्हणून कागद काढायचे ते निरीक्षक कोणत्या क्रमानं पाहील, याचा विचार करून. आधी चालू प्रमाणपत्र आणि बॉयलरचं तपासणी पुस्तक. या पुस्तकात नोंदणीपासूनच्या प्रत्येक तपासणीचे शेरे असतात. मागच्या वर्षीचा शेरा आपण आधीच वाचून ठेवावा. «फर्नेसच्या तळाशी स्केल, पाण्याची प्रक्रिया सुधारावी» असं लिहिलं असेल, तर यंदा पहिली बॅटरी तिथेच पडणार. त्याच्या उत्तरादाखल पाणी तपासणीची नोंदवही हवी. सॉफ्टनरनंतरच्या पाण्याचा कठीणपणा रोज किती आला आणि ब्लो-डाऊन कधी दिलं, हे तीत असतं. ही वही एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेली असली की लगेच ओळखू येते. कठीणपणा वाढला त्या आठवड्याची नोंद खरी ठेवून पुढे रेझिन धुतल्याचं लिहिलेलं असेल, तर ती वही जास्त विश्वासाची वाटते. शिवाय आपल्या सहा नळ्या का गळल्या, याचं उत्तर बहुधा त्याच पानांवर मिळतं. स्केल धरलं की पाणी नळीला थंड ठेवू शकत नाही. मग नळी तापते आणि टोकाशी सुटते.

बाकी कागद थोडेच: प्रत्येक पाळीच्या अटेंडंटचं मूळ प्रमाणपत्र, पाळीची लॉगबुकं, प्रेशर गेजच्या कॅलिब्रेशनचा दाखला आणि नोंदणीच्या वेळचे नकाशे. नकाशे हरवले असतील, तर ते पत्र लिहिण्याआधीच शोधायला लागावं.

त्या दिवशी बॉयलर रिकामा, मॅनहोल आणि मडहोल उघडे, नळ्या आणि धुराचे मार्ग झाडलेले, व्हॉल्व्ह आणि कॉक खोलून मांडलेले हवेत. एकाच हेडरवर दुसरा बॉयलर चालू असेल, तर मधली वाफेची आणि पाण्याची जोडणी तोडलेली किंवा ब्लँक घालून बंद केलेली हवी. नुसत्या बंद व्हॉल्व्हच्या भरवशावर माणसाला आत उतरवायचं नसतं. आतला दिवा कमी व्होल्टेजचा असावा. तयारी अर्धवट दिसली, तर निरीक्षक तपासणी न करताच परत जाऊ शकतो. भरलेलं शुल्क जातं आणि पुन्हा नवी तारीख मागावी लागते. म्हणून 7 जुलैच्या संध्याकाळी सारं उघडून झालं नसेल, तर तसं कार्यालयाला त्याच वेळी कळवणं बरं.

आतली पाहणी समाधानकारक झाली की, गरज असेल तिथे, बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरून कामाच्या दाबाहून जास्त दाबाला पाण्याची चाचणी होते. नंतर वाफ धरून सेफ्टी व्हॉल्व्ह योग्य दाबाला उडतो का, ते पाहतात. सगळं ठीक असेल तर निरीक्षक तात्पुरता आदेश देतो आणि त्यावर बॉयलर सुरू करता येतो. प्रमाणपत्र मागाहून येतं. ते हाती आल्यावर त्यातला दाब आणि तारीख तपासून घ्यावी आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाचा दिवस त्याच वेळी कॅलेंडरवर मांडावा.