भिंगामागची जाळी

मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन वर्ष-सव्वा वर्ष उलटलेले असते. पट्टी निघाल्यावर पलंगावरून कॅलेंडरची तारीख वाचता आली, म्हणून घरात सगळ्यांना बरे वाटलेले असते. मग हळूहळू वर्तमानपत्रातली बारीक अक्षरे पुसट वाटू लागतात. चष्म्याची काच सारखी पुसावीशी वाटते आणि पुसूनही फरक पडत नाही. रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांचा झोत डोळाभर पसरतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणीही येत नाही. अशा वेळी घरात दोन निष्कर्ष पटकन निघतात. एक, मोतीबिंदू परत आला. दोन, भिंग हलक्या प्रतीचे बसवले.

सहसा दोन्ही चुकीचे असतात. मोतीबिंदू परत येऊ शकत नाही, कारण तो ज्या नैसर्गिक भिंगात धरतो ते भिंगच ऑपरेशनमध्ये काढून टाकलेले असते. बसवलेले कृत्रिम भिंगही बहुधा स्वच्छच असते. धुकट झालेले असते ते त्या भिंगाला मागून टेकलेले आवरण. पेशंट म्हणतात, जाळी आली. डॉक्टरांच्या कागदावर पीसीओ अशी तीन अक्षरे असतात. ही जाळी लेझरने काही मिनिटांत उघडता येते. मात्र उघडलेले आवरण पुन्हा मिटत नाही. म्हणून नजर खरोखर जाळीनेच उतरली आहे की आणखी कशाने, हे आधी ठरवणे लेझर मारण्यापेक्षा अवघड आणि जास्त मोलाचे काम आहे.

आपले नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असते. द्राक्षाचा गर आणि त्याची साल असे त्यांचे नाते समजा. ऑपरेशन करताना सर्जन पिशवीच्या पुढच्या बाजूला साधारण पाच मिलिमीटरची गोल खिडकी करतो, आतला गढूळ झालेला भाग काढून घेतो आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतो. पिशवी मुद्दाम ठेवलेली असते. तिच्याच आधाराने भिंग जागच्या जागी राहते आणि मागचा जेलीसारखा द्रव पुढे येत नाही. पिशवीची मागची भिंत मध्यभागी जेमतेम चार मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार. ऑपरेशननंतर ती स्वच्छ असेल तर तिच्यातून प्रकाश बिनदिक्कत पार जातो.

अडचण करतात त्या पिशवीच्या कडेला चिकटून राहिलेल्या पेशी. जन्मभर भिंगाचे नवे तंतू तयार करणे हेच त्यांचे काम असते. सर्जन कितीही हळुवारपणे आणि काळजीपूर्वक सफाई करो, यांतल्या काही मागे राहतातच. त्या पुन्हा वाढू लागतात आणि एरवी पेशी नसलेल्या मागच्या भिंतीवर सरकत येतात. तिथे काही पेशी फुगून गोल होतात आणि त्यांचे पुंजके बनतात. काहींचे रूपांतर आकुंचन पावणाऱ्या पेशींत होते, त्या भिंतीला सुरकुत्या पाडतात आणि ती पांढरट, जाड करतात. हे सगळे बाहुलीच्या बरोबर मागे घडले की नजर उतरते. कडेलाच राहिले तर माणसाला पत्ताही लागत नाही.

म्हणजे ही सर्जनची हयगय नव्हे, शरीराची जखम भरण्याची रीत आहे. लहान वयात पेशी जोमाने वाढतात, म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या छोट्या मुलांत मागची भिंत जवळजवळ नक्कीच धुकटते. त्यांच्यात बहुतेकदा त्याच ऑपरेशनमध्ये तिला मध्यभागी छिद्र करून ठेवतात. मोठ्यांत प्रमाण बरेच कमी असते. 1998 साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा एका वर्षात सुमारे 12 टक्के आणि पाच वर्षांत सुमारे 28 टक्के डोळ्यांत जाळी आलेली आढळली. त्यानंतर भिंगाच्या मागच्या कडा चौकोनी, धारदार कोनाच्या बनू लागल्या. ही कड पिशवीवर घट्ट दाबून बसते आणि सरकत येणाऱ्या पेशींची वाट अडवते. त्यामुळे प्रमाण आणखी घटले, पण संपले नाही. डोळ्यात आधी आतली सूज येऊन गेलेल्यांना ही शक्यता जास्त असते.

आता एक नेहमी भेटणारे उदाहरण घेऊ. चौसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, दहा वर्षांपासून मधुमेह. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन चौदा महिन्यांपूर्वी झाले, तेव्हा नजर 6/6 आली होती. आता ती 6/18 आहे. म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर अठरा मीटरवरून वाचेल, ते त्यांना सहा मीटरवरून वाचावे लागते. पहिलाच प्रश्न त्या विचारतात : "मोतीबिंदू परत आला का हो डॉक्टर?"

"नाही काकू, तो आता येणार नाही. पण काय झालंय ते नीट बघू या. लगेच लेझर मारू, असं मी म्हणणार नाही."

आधी चष्म्याचा नंबर तपासला जातो. नव्या नंबरानेही नजर 6/12च्या पुढे जात नाही, म्हणजे नुसता नंबर बदललेला नाही. मग बाहुली मोठी करणारे थेंब टाकून अर्ध्या तासाने स्लिट लॅम्पपुढे बसवतात. प्रकाश अशा कोनातून टाकतात की तो मागच्या पडद्यावर आदळून परत यावा. त्या लालसर उजेडात भिंगाच्या मागे, अगदी मध्यभागी, गोल पुंजके आणि दोन-तीन तिरप्या सुरकुत्या दिसतात. जाळी आहे, यात शंका उरत नाही.

पण जाळी आहे आणि जाळीमुळेच दिसत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकूंना मधुमेह आहे. त्यांच्या पडद्याच्या मध्यबिंदूला सूज असती, तरी नजर अशीच उतरली असती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत अशी सूज मधुमेह नसलेल्यांनाही येऊ शकते. म्हणून ओसीटी नावाची तपासणी होते. तिच्यात प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचे उभे चित्र मिळते. काकूंचा पडदा सपाट, कोरडा आहे. डोळ्याचा दाब 16 आहे आणि पडद्याच्या कडेला कुठे भोक वा फाटलेली जागा नाही. आता लेझरला हरकत नाही. हेच चित्र सुजलेले दिसले असते, तर आधी सुजेवर उपचार आणि लेझर लांबणीवर.

घरच्या घरीही काही फरक ओळखता येतात. जाळीचे धुके सावकाश, महिन्यांनी वाढते आणि सगळीकडे सारखे असते. दाराची चौकट वाकडी दिसू लागली, तर दोष बहुधा पडद्याच्या मध्यबिंदूत असतो. डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत आला, तर ती जाळी नव्हे. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवेत.

लेझरचे यंत्र स्लिट लॅम्पलाच जोडलेले असते. नाव यॅग लेझर. 1980च्या सुमारास पॅरिसमध्ये दानिएल आरों-रोझा आणि बर्नमध्ये फ्रांत्स फांकहाउझर या दोन नेत्रतज्ज्ञांनी तो स्वतंत्रपणे डोळ्यासाठी वापरात आणला. त्याआधी ही जाळी कापायला पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन डोळ्यात सुई घालावी लागे. मधुमेहींच्या पडद्यावर मारतात त्या लेझरशी याचा गोंधळ करू नये. तो उष्णतेने भाजतो, हा भाजत नाही. त्याचा अदृश्य किरण एका सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता एका बिंदूवर एकवटतो, तिथे सूक्ष्म स्फोट होतो आणि त्या धक्क्याने आवरण फाटते. त्या बिंदूच्या पुढे-मागे किरण इतका विखुरलेला असतो की काही कापत नाही. म्हणूनच बुबुळ आणि भिंग ओलांडून तो मागच्या भिंतीवर काम करू शकतो.

काकूंच्या डोळ्यात बधिरतेचे थेंब टाकतात, दाब वाढू नये म्हणून आणखी एक थेंब टाकतात. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचे. डोळ्यावर एक छोटे भिंग धरतात, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि किरण नीट एकवटतो. नेम धरायला लाल ठिपका असतो. डॉक्टर तो मुद्दाम आवरणाच्या किंचित मागे धरतात, कारण नेम पुढे सरकला तर कृत्रिम भिंगावर खड्डा पडतो. एखाद-दुसऱ्या खड्ड्याने नजरेला काही होत नाही, पण मध्यभागी बरेच पडले तर दिव्यांचा त्रास राहतो. सुरुवात एका मिलिज्यूलने होते, गरज पडली तरच ऊर्जा वाढवतात. काकूंना टक् टक् आवाज येत राहतो, दुखत काहीच नाही. तीसेक फटक्यांत आवरणाचे तुकडे मागे दुमडतात आणि सुमारे चार मिलिमीटरची मोकळी जागा होते. पिशवीची कड शाबूत असते, भिंग तिथेच राहते.

तासाभराने दाब पुन्हा मोजतात, 17 येतो. ही पायरी टाळू नये, कारण काहींना याच तासा-दोन तासांत दाब चढतो आणि ज्यांना काचबिंदू आहे त्यांना तो परवडत नाही. सूज उतरवणारे थेंब काही दिवस घालायचे. बाहुली मोठी असल्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही. दुसऱ्या दिवशी काकू 6/6 वाचतात. डोळ्यापुढे बारीक ठिपके तरंगताना दिसतात. ते आवरणाचेच कण, काही आठवड्यांत खाली बसतात.

नंतर सांभाळायचा धोका पडदा सुटण्याचा. तो कमी लोकांना होतो, पण मोठ्या मायनस नंबरच्या लोकांत जास्त. ठिपक्यांचा अचानक पाऊस पडला, कडेला विजेसारखे चमकले किंवा सावली आली, तर महिन्याभराची तारीख न बघता लगेच जावे. आणखी एक गोष्ट, महागडे मल्टिफोकल भिंग बसवूनही ज्यांचे समाधान झालेले नाही, त्यांनी लेझरपूर्वी डॉक्टरांशी नीट बोलावे. जाळी उघडल्यावर भिंग बदलण्याचे ऑपरेशन बरेच अवघड होते, कारण मागचा आधार गेलेला असतो. अशा वेळी तक्रार भिंगाची आहे की जाळीची, याचा निकाल आधी लावावा लागतो.

काकूंच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन उजव्यानंतर तीन महिन्यांनी झाले होते. त्यातही आवरणाच्या कडेला पुंजके दिसू लागले आहेत, पण मध्य स्वच्छ आहे आणि त्या डोळ्याने त्या 6/6 वाचतात. "त्यालाही आत्ताच उडवून टाका ना," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी नकार दिला आणि सहा महिन्यांनी परत बोलावले.