सुधारित संहितेसोबतचे पत्र

नभोवाणीची संहिता दुरुस्त करून पाठविताना लेखक सोबत एक छोटे पत्र जोडतो. समजा, बंगळूर येथील शहाजीराजांच्या वास्तव्यावर एका लेखकाने दहा मिनिटांची संहिता लिहिली. शहाजीराजांनीच शहर वसविले, असे तिच्यात निवेदकाच्या तोंडी होते. शिवाय मोठ्याने वाचली असता ती बारा मिनिटांची भरली. संपादकांनी ती सूचनांसह परत पाठविली. सुधारित प्रतीसोबत लेखकाने लिहिले :

‘स. न. वि. वि.

पृष्ठ २ : शहर केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविले. विजापूरच्या सैन्याने ते १६३८ मध्ये घेतल्यानंतर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. म्हणून निवेदन बदलले आहे.

पृष्ठ ५ : बाजाराचे वर्णन गाळले आहे, कारण तीच माहिती पुढील संवादात येते. आता वाचनास दहा मिनिटे लागतात.

पृष्ठ ७ : दोन शिपायांचा संवाद वगळण्याची आपली सूचना होती. तो ठेवला आहे, कारण मधे काही वर्षे लोटल्याचे श्रोत्यांना त्यातूनच कळते.’

‘योग्य ते बदल केले आहेत’ एवढेच लिहिले असते, तर संपादकांना दोन्ही प्रती ओळीओळीने ताडून पाहाव्या लागल्या असत्या. शिपायांचा संवादही नजरचुकीने राहिला, असे समजून त्यांनी तो कदाचित खोडला असता.