फॉल-पिकोच्या वहीतून गेलेला निरोप

सोलापूरला माझ्या मामांचं साडीचं दुकान आहे. काउंटरच्या खणात एक लांबट वही असते. साडी फॉल-पिकोला टाकली की गिऱ्हाइकाचं नाव, साडीचा रंग आणि मोबाइल नंबर त्यात लिहायचा, आणि साडी तयार झाली की फोन करायचा. वीस-बावीस वर्षांची नेहमीची माणसं अशा वह्यांमध्ये आहेत. गेल्या दिवाळीआधी मामांनी फेसबुकवर दुकानाचं पान सुरू केलं. ते या माणसांना कळवायचा निरोप लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. चार ओळींचं काम वाटलं होतं, पण लागला आठवडा.

मामांनी स्वतः एक मसुदा केला होता. ‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, ग्राहकांच्या सेवेसाठी आम्ही सोशल मीडियावर पदार्पण करीत आहोत. नवनवीन व्हरायटी, आकर्षक ऑफर्स. आजच फॉलो करा, लाइक करा, शेअर करा.’ मामींनी वाचला आणि विचारलं, “अहो, पण त्या पानावर बघायचं काय?” त्या मसुद्यात हे कुठेच नव्हतं. जी बाई वीस वर्षं दुकानात येते, तिला आनंद झाल्याचं कळवून उपयोग नाही. पानावर काय दिसणार, कधी दिसणार, आवडलं तर काय करायचं आणि पैसे कुठे द्यायचे, एवढं तिला हवं असतं.

मग आम्ही एकेक गोष्ट ठरवत गेलो. निरोपात लिहिण्याआधी ती दुकानात जमायला हवी होती.

पहिला प्रश्न रंगाचा. मामांकडे इरकल जास्त खपते. अंग सुती, पदर रेशमी आणि त्या दोन्हींचे ताणे एकमेकांत अडकवून जोडलेले, त्यामुळे टोपपदराचा तो जोड हाताने चाचपडून बघणाऱ्या बायका आहेत. मामांनी ट्यूबलाइटखाली फोटो काढले. जांभळी इरकल फोटोत सरळ निळी दिसली. जांभळ्या रंगात मोबाइलच्या कॅमेऱ्याची अशी फसगत नेहमी होते. धूपछाव साडीची तर आणखी पंचाईत. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे एकाच साडीचे दोन कोनांतले फोटो दोन वेगळ्या साड्यांचे वाटतात. शेवटी सकाळी दुकानाबाहेरच्या ओट्यावर, सावलीत, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो काढायचे ठरलं. प्रत्येक साडीचे तीन: पूर्ण घडी, काठ जवळून आणि पदराचा जोड. रंगाचं नाव आपल्या बोलीत लिहायचं: वांगी, मोतिया, डाळिंबी. आणि एवढं करूनही फोटोतला रंग थोडा इकडेतिकडे होतो, हे निरोपात आधीच सांगायचं.

दुसरा प्रश्न दिवसांचा. मामा म्हणाले, रोज दहा साड्या टाकू. लग्नसराईत दुकानात जेवायला सवड नसते, रोज फोटो कोण काढणार? पान थंड पडलं की लोक पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजता, सहा साड्या. दिवस ठरलेला असण्याचं आणखी एक कारण आहे. पान फॉलो केलं तरी त्यावरची प्रत्येक गोष्ट फेसबुक आपल्याला दाखवतंच असं नाही. दिवस माहीत असला, तर माणूस स्वतःहून पान उघडतो.

तिसऱ्या प्रश्नाने सुरुवातीलाच दणका दिला. निरोप पाठवण्याआधी मामांनी चाचणी म्हणून एक साडी टाकली आणि खाली लिहिलं, ‘हवी असल्यास कमेंट करा.’ तिघींनी ‘मला हवी’ लिहिलं. साडी एकच. पहिली कोण, यावरून एका जुन्या गिऱ्हाइकाचं मन दुखावलं. झालं असं, की तिथल्या कमेंट बऱ्याचदा वेळेच्या क्रमाने दिसतच नाहीत. ‘मोस्ट रेलेव्हंट’ असा क्रम लावून फेसबुक एखादीची कमेंट वर चढवतं. त्यामुळे प्रत्येकीच्या मोबाइलवर पहिली वेगळीच दिसू शकते. मग नियम केला: साडी ठेवायची ती दुकानाच्या नंबरावर फोन आला तरच, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच. किंमत मात्र फोटोखाली उघड लिहायची. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहिलं, की दोघींना दोन भाव सांगितले जातात असा संशय येतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो फार लागतो.

चौथी गोष्ट पैशांची, आणि निरोपात मी तिला सगळ्यांत जास्त जागा दिली. दुकानाचं नाव आणि फोटो उचलून हुबेहूब दुसरं पान बनवणं अवघड नाही. मग तिथून मेसेज येतो, ‘तुम्हाला साडी बक्षीस लागली आहे, कुरिअरचे 199 रुपये पाठवा.’ दुकानावरच्या विश्वासापोटी जुनं गिऱ्हाईकच त्यात पटकन अडकतं. पान सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवलं, तर हा डाव चालत नाही.

शेवटी निरोप असा झाला:

‘नमस्कार ताई. आपल्या दुकानाचं फेसबुकवर पान सुरू झालं आहे, लिंक खाली आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला सहा साड्या किमतीसह दिसतील. फोटो दिवसाच्या उजेडात काढलेले आहेत, तरी रंगात थोडा फरक पडू शकतो. साडी आवडली तर याच नंबरावर फोन करा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवतो. घेण्याआधी दुकानात हाताळून बघा. पानावरून आम्ही कधीही पैसे मागणार नाही, बक्षिसं काढणार नाही. पैसे फक्त काउंटरवर. कुणी आमच्या नावाने मागितले, तर आधी आम्हाला फोन करा. तुमचा नंबर फॉल-पिकोच्या वहीतून घेतला आहे. असे निरोप नको असतील तर “नको” एवढंच लिहा.’

शेवटची दोन वाक्यं मामांना पटत नव्हती. पण नंबर बायकांनी साडी तयार झाल्याचं कळावं म्हणून दिला होता, जाहिरातीसाठी नाही. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा 2023 सालचा कायदाही मुळात हेच धरून आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. पाच-सहा जणींनी ‘नको’ लिहिलं. त्यांची नावं मामांनी यादीतून काढली. साडी तयार झाल्याचा फोन त्यांना आजही जातो.

पाठवताना मात्र एक चूक झालीच. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त 256 नंबर बसतात, म्हणून आम्ही दोन याद्या केल्या. दोन दिवसांनी बघितलं, तर बऱ्याच जणींना निरोप पोचलाच नव्हता. ज्यांच्या मोबाइलमध्ये दुकानाचा नंबर सेव्ह नसतो, त्यांना ब्रॉडकास्ट जात नाही. निरोपावर बोट दाबून ‘इन्फो’ उघडलं की कुणापर्यंत पोचला ते दिसतं. उरलेल्यांसाठी मामींनी तोच निरोप ठळक अक्षरांत छापून घेतला. आता फॉल-पिकोची साडी परत देताना त्या तो पिशवीत घालतात आणि सांगतात, “आधी आपला नंबर सेव्ह करा हं.”

परवाच्या शुक्रवारी वांगी रंगाची, गोमी काठाची इरकल टाकली होती. शनिवारी सकाळी एक आजी नातीला घेऊन आल्या. नातीच्या मोबाइलवर तो फोटो होता. आजींनी साडी हातात घेतली, पदराचा जोड अंगठ्याने चाचपला आणि मामांना म्हणाल्या, “जरा ओट्यावर चला, उजेडात दाखवा.”