एक छायाचित्र, दोन मथळे

गेल्या हिवाळ्यात बालाघाटचे आमचे जुने घर विकले गेले. वडील नाहीत, माझ्या आईनंतर ज्या आत्याने मला वाढवले, ती त्या घरात एकटीच राहत होती. आता ती आपल्या मुलाकडे, नागपूरला जाणार होती. किल्ल्या देण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे जमलो. आत्याने चिन्नोरचा भात केला. चिन्नोर म्हणजे आमच्या जिल्ह्याचा बारीक, सुवासिक तांदूळ. 2021 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. चुलीपाशी बसलेल्या आत्याचे छायाचित्र मी मोबाईलवर काढले आणि त्याखाली दोन ओळी लिहिल्या:

‘आत्याच्या हातचा चिन्नोरचा भात. आता पुढची पंगत नागपुरात!’

माझे काही मित्र परदेशात आहेत. नोकरीनिमित्त मी दोन वर्षे डब्लिनला होतो, तेव्हाचे. त्यांच्यासाठी खाली इंग्रजी मथळा जोडला. तो येथे नागरी लिपीतच देतो: ‘आंटीज् चिन्नोर राइस. नेक्स्ट टाइम इन नागपूर!’

नातेवाइकांपैकी भंडाऱ्याच्या चुलत बहिणीने फक्त ‘डोळे भरून आले रे’ एवढेच लिहिले. डब्लिनच्या मित्राने विचारले, ‘भात छान दिसतोय. नागपूरला सहलीला निघालात का?’ त्याचे काहीच चुकले नव्हते. माझ्या इंग्रजी मथळ्यात सहलच होती.

एकही शब्द चुकीचा नसताना हे का झाले, याचा मी पुढे बरेच दिवस विचार केला. तो विचार येथे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांना आता असे दुहेरी लिहावे लागते.

मराठी ओळीतले दुःख शब्दांत नव्हतेच. आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. ‘शेवटचे’ हा शब्द वडीलधाऱ्यांसमोर उच्चारत नाहीत. त्यामुळे ‘आता पुढची पंगत नागपुरात’ हे वाक्य मराठी वाचकाला उलट बाजूने ऐकू येते: म्हणजे येथे आता पंगत नाही. ज्यांना घर विकल्याचे ठाऊक होते, त्यांना तेवढे पुरे होते. इंग्रजीत मात्र ‘पुढच्या वेळी’ म्हणजे केवळ पुढच्या वेळी. आडून बोलण्याची ती सवय वाचणाऱ्याकडे नव्हती आणि घराची हकीगतही नव्हती.

तीच गोष्ट ‘आत्या’ची. मराठीत हा शब्द आला की वडिलांचे घर, माहेर, भाचरांवरचा हक्क हे सारे न सांगता येते. ‘आंटी’ शेजारीणही असू शकते. ‘हातचा’ हा शब्द तर इंग्रजीत जातच नाही. ‘आत्याने केलेला भात’ ही माहिती झाली. ‘आत्याच्या हातचा भात’ यात ती चव दुसऱ्या कोणाला येणार नाही, हे गृहीत असते.

म्हणून मी मराठी ओळ बाजूला ठेवली आणि एका कागदावर लिहून काढले: ती न बोलता काय काय सांगते? तीन गोष्टी निघाल्या. या बाईने मला वाढवले. हे घर सुटते आहे. ही चव या घराशी बांधलेली आहे. इंग्रजी मथळ्याला भाषांतर करायचे होते ते या यादीचे. दुसरा खर्डा असा झाला: ‘माय फादर्स सिस्टर रेज्ड मी इन धिस किचन, ऑन धिस राइस. टुडे शी कुक्ड हिअर फॉर द लास्ट टाइम.’

‘आंटी’च्या जागी ‘वडिलांची बहीण’ आली आणि ‘वाढवले’ या क्रियापदाने नात्याचे वजन उचलले. ‘हातचा’ गेला, पण ‘याच स्वयंपाकघरात, याच भातावर’ या जोडीने त्याचे काम बरेचसे केले. ‘चिन्नोर’ हे नाव मी काढून टाकले. परक्या वाचकाला ते अडवते आणि त्याचा अर्थ सांगायला गेले की मथळ्याचे टिपण होते.

हा खर्डा मी आत्तेभावाला दाखवला. तो म्हणाला, ‘इंग्रजी काय फक्त तुझे मित्रच वाचतात? माझी पोरगी आईला वाचून दाखवेल ना! तिला “लास्ट टाइम” ऐकवणार आहेस का?’

ही अडचण माझ्या ध्यानातच आली नव्हती. एकाच चित्राखाली दोन मथळे असले तरी वाचक दोन वेगळ्या खोल्यांत बसलेले नसतात. आपली नवी पिढी दोन्ही वाचते. तेव्हा जे मराठीत बोलायचे नाही, ते इंग्रजीतही उघडे बोलून चालत नाही. त्यासाठी दुसरी वाट काढावी लागते. मी शेवटचे वाक्य बदलले: ‘टुमॉरो वी हँड ओव्हर द कीज.’ उद्या किल्ल्या द्यायच्या आहेत. यात अशुभ शब्द नाही आणि डब्लिनच्या वाचकाला काय सुटते आहे ते समजते. भावना सांगण्याऐवजी घडणारी गोष्ट सांगितली की दोन्हीकडचा वाचक ती आपापल्या रीतीने पुरी करतो.

मग मोह झाला की हेच स्पष्टपण मराठीतही आणावे: ‘जिने मला वाढवले त्या आत्याचे आभार.’ ते लिहून मी पुसले. घरच्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्याला पाहुणा करणे. आत्याला ते लागले असते. मराठी मथळ्यात मी एकच भर घातली: ‘आपल्या घरातून’. ‘आमच्या’ नाही. 1956 मध्ये राज्ये नव्याने रचली गेली, तेव्हा नागपूर-भंडारा तिकडे गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. आमचे निम्मे गोत सीमेपलीकडचे झाले. ‘आमचे घर’ म्हटले असते तर भंडाऱ्याची बहीण बाहेर राहिली असती. इंग्रजीच्या ‘अवर’मध्ये हा भेद नाही, म्हणून तेथे तो शब्द मी वापरलाच नाही.

शेवटी चित्राखाली हे राहिले:

‘आत्याच्या हातचा चिन्नोरचा भात, आपल्या घरातून. आता पुढची पंगत नागपुरात.’

‘माय फादर्स सिस्टर रेज्ड मी इन धिस किचन, ऑन धिस राइस. टुमॉरो वी हँड ओव्हर द कीज.’

पहिल्या मथळ्यातले उद्गारचिन्हही काढले. इंग्रजीत त्यानेच सहलीचा सूर लावला होता.

तेव्हापासून मी दोन परीक्षा घेतो. इंग्रजी ओळ चित्राशिवाय एका माणसाला वाचून दाखवतो आणि विचारतो, ‘काय घडले आहे?’ उत्तर चुकले तर ओळीत काहीतरी गृहीत राहिले आहे. मराठी ओळ चित्रातल्या माणसासमोर मोठ्याने वाचतो. तो अवघडला, तर काहीतरी जास्त बोलले गेले आहे. सर्व काही पोचत नाही, हेही मान्य करावे लागते. ‘पंगत’ इंग्रजीत गेली नाही ती नाहीच.

आत्याला नातीने दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. इंग्रजीचा अर्थ ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘भातावरच नाही वाढवलं हो, वरणही होतं.’