सर्वात कच्चा पूल कोणता?

मोठा ट्रान्सफॉर्मर लादलेला ट्रेलर निघतो, तेव्हा वाहतूकदाराला किलोमीटरपेक्षा पुलांची धास्ती असते. वाटेतले नऊ पूल दणकट आणि दहावा ४० टनांचा असेल, तर तो सगळा रस्ताच ४० टनांचा ठरतो. मग ज्याचा सर्वात कच्चा पूलही शक्य तितका भक्कम आहे, असा रस्ता शोधायचा कसा?

समजा, क, ख, ग, घ, च ही पाच गावे आहेत. क-ख पूल ४० टनांचा, क-ग ७०, ग-ख ५५, ग-घ ६०, ख-घ ५०, ख-च ९० आणि घ-च ३०. कहून चला जायची सरळ वाट खवरून जाते, पण ती ४० टनांवर अडते.

आता नकाशावरचे सगळे पूल पुसा आणि सर्वात भक्कम पुलापासून एकेक परत काढत चला. आधीच जोडलेल्या दोन गावांमधला पूल आला तर तो सोडून द्या. ९०, ७० आणि ६० चे पूल आले की दोन गट पडतात: एकीकडे ख-च, दुसरीकडे क-ग-घ. त्यानंतरचा ५५ चा ग-ख पूल दोन्ही गट सांधतो. उरलेले तिन्ही पूल गळतात.

क-ग-ख-च या वाटेचा कच्चा पूल ५५ टनांचा. याहून चांगली वाट नाही, आणि कारण त्या जोडणीतच आहे. ५५ हून भक्कम पूल सगळे काढून झाले होते, तरी क आणि च वेगळ्याच गटांत होते. म्हणजे कोणत्याही वाटेला ५५ किंवा त्याहून कच्च्या पुलावर पाय ठेवावाच लागणार.

या चार पुलांच्या जोडणीला गणितात मॅक्सिमम स्पॅनिंग ट्री म्हणतात. जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ मध्ये कमीत कमी खर्चाची जोडणी करण्याची रीत मांडली. तिचाच क्रम इथे उलटा लावला आहे. टी. सी. हू यांनी १९६१ मध्ये या झाडाचे आणि भक्कम वाटेचे नाते दाखवले. गंमत अशी की गावांच्या दहाही जोड्यांची उत्तरे याच एका झाडात मिळतात.

झाडाला अंतर मात्र कळत नाही. खहून घला ४५ टनांचा माल न्यायचा, तर ५० टनांचा सरळ पूल पुरेसा आहे. झाड गावरून फेरा मारायला लावते. अशा वेळी ४५ हून कच्चे पूल वगळून उरलेल्यांत जवळची वाट शोधावी.

दुसरी अडचण एकेरी वाहतुकीची. जाताना एक मर्यादा आणि येताना दुसरी असेल, तर हे झाड उपयोगाचे नाही. तेव्हा सुरुवातीच्या गावापासून, दर वेळी सर्वात भक्कम वाटेने पोचता येईल असे गाव निवडत पुढे सरकावे लागते.