सूर पाव सेकंद मागे का पडतो?

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तालीम चालू होती. कराओके ट्रॅक वाजवायला एक फोन, दोन कॉर्डलेस माइक, चार चॅनेलचा छोटा मिक्सर आणि चाकांचा मोठा ब्लूटूथ स्पीकर, एवढंच सामान. फोन मिक्सरला ब्लूटूथने जोडला होता. गच्चीवर पोरं धावतात, वायरीत पाय अडकेल, म्हणून मिक्सरपासून स्पीकरपर्यंतही वायर नव्हती. मिक्सरच्या आउटपुटला अंगठ्याएवढा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भावगीत म्हणायला उभ्या राहिल्या आणि पहिल्याच ओळीत थांबल्या.

"अरे, माझाच आवाज मला मागून येतोय. गाताच येत नाहीये."

कुणीतरी म्हणालं, इको जास्त झालाय. मिक्सरवरचं इकोचं बटण शून्यावर नेलं, तरी काकूंची तक्रार तीच. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. काकू रेडिओवर गायलेल्या आहेत, लयीला पक्क्या आहेत. चूक आम्ही केलेल्या जोडणीत होती, आणि तीच चूक घरोघरच्या कराओकेत होत असते.

ब्लूटूथवरून आवाज जातो तेव्हा तो सरळ वाहत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, ते दाबून लहान केले जातात, हवेतून पाठवले जातात. समोरचा स्पीकर थोडा साठा जमा झाल्याशिवाय वाजवायला लागत नाही, कारण मधला एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवायला वेळ हाताशी हवा. या सगळ्याला साधारण 150 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा-चौथा हिस्सा. नुसती गाणी ऐकताना हा उशीर जाणवत नाही. गाताना मात्र जीव घेतो. आवाज हवेतून 3 मिलिसेकंदांत जेमतेम एक मीटर जातो. म्हणजे 200 मिलिसेकंद उशिराने स्वतःला ऐकणं हे जवळजवळ 70 मीटरवर ठेवलेल्या कर्ण्यातून स्वतःला ऐकण्यासारखं आहे. गाणं मिनिटाला 100 ठोक्यांचं असेल, तर एक ठोका 600 मिलिसेकंदांचा. त्याचा तिसरा हिस्सा आवाज मागे पडला की गाणारा नकळत रेंगाळतो, मग सावरायला घाई करतो आणि सम हुकते. 1950 मध्ये बर्नार्ड ली यांनी माणसाला त्याचंच बोलणं असं मागे ठेवून ऐकवलं, तेव्हा चांगले बोलणारेही अडखळू लागले होते. उशीर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असला की हा गोंधळ सर्वांत जास्त होतो, आणि ब्लूटूथचा उशीर नेमका तिथेच येतो.

इको आणि उशीर यांतला फरक ओळखायला दोन मिनिटं पुरतात. इको आणि रिव्हर्बची बटणं पूर्ण बंद करायची आणि माइकसमोर जिभेने एकदाच 'टक्' करायचं. इको असेल तर आता एकच टक् ऐकू येईल. दोन आले, पहिला तोंडाचा आणि दुसरा स्पीकरचा, तर तो उशीर आहे आणि कुठलंही बटण फिरवून तो जाणार नाही. आम्ही दुसऱ्या एका फोनवर रेकॉर्डर चालू करून तो माइकशेजारी धरला होता. पडद्यावरच्या लाटेत दोन टोकं स्वच्छ दिसली, मधलं अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आकडा डोळ्यांनी बघितल्यावर वाद मिटला.

उपाय होता पाच मीटरची वायर. ट्रान्समीटर काढला, मिक्सरच्या आउटपुटमधून वायर थेट स्पीकरच्या AUX मध्ये घातली आणि ती जमिनीला चिकटपट्टीने दाबून टाकली. फोन आणि मिक्सरमधलं ब्लूटूथ तसंच ठेवलं, कारण त्याचा त्रास नसतो. ट्रॅक पाव सेकंद उशिरा आला तरी काकू जो ट्रॅक ऐकतात त्याच्याबरोबरच गातात. सुरुवात उशिरा झाली एवढंच, लय जुळलेली राहते. फार तर पडद्यावरचे शब्द थोडे पुढे धावतील, आणि बहुतेक व्हिडिओ अ‍ॅप तेवढं सांभाळून घेतात. तेव्हा गाणं ब्लूटूथवरून आलं तरी चालेल, पण गाणाऱ्याचा गळा माइकपासून स्पीकरपर्यंत कुठेही ब्लूटूथवरून जाता कामा नये. कॉर्डलेस माइकची भीती बाळगू नका. रिसीव्हरची वेगळी पेटी येते ते माइक रेडिओलहरींवर चालतात आणि त्यांचा उशीर इतका कमी असतो की कानाला कळत नाही. दोन स्पीकर एकमेकांना ब्लूटूथने जोडून 'स्टिरिओ' केले असतील, तर मात्र वायर लावूनही उशीर परत येऊ शकतो, कारण दोघांना जुळवून घेण्यासाठी पहिला स्पीकरही थांबून वाजतो. गाण्याच्या वेळी ती जोडी तोडावी.

उशीर गेला आणि दुसरं दुखणं आलं. गच्चीच्या कोपऱ्यात फोनचं ब्लूटूथ तुटत होतं, म्हणून एकाने फोनही वायरने जोडला. हेडफोनच्या भोकात 3.5 मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाची जाडी स्टिरिओ पिन माइकच्या दोन नंबरच्या चॅनेलमध्ये. ट्रॅक वाजायला लागला, पण कसा, तर लांबच्या खोलीतून आल्यासारखा. व्हायोलिनचे तुकडे ऐकू येत होते, तबला आणि बेस जवळजवळ गायब. आवाज कितीही वाढवला तरी पोकळच.

यामागचं कारण मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून सांगतो. मिक्सरचं माइकचं चॅनेल दोन तारांवरून येणाऱ्या आवाजातला फरक तेवढा पुढे पाठवतं. दोन्ही तारांवर जे सारखं असेल ती बाहेरून आलेली घरघर, असं समजून ते काढून टाकतं. लांब वायरीतला गोंगाट घालवायची ही उत्तम युक्ती आहे. पण फोनमधून येतात ते डावा आणि उजवा असे दोन आवाज, आणि गाण्यातल्या मधोमधच्या गोष्टी, म्हणजे ठेका, बेस, मुख्य धून, दोन्हींत सारख्याच असतात. मिक्सर त्यांनाच घरघर समजून पुसतो. मूळ गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकायची जुनी युक्ती नेमकी हीच, फक्त इथे ती आपल्याला नको असताना घडते. खात्री करायची असेल तर फोनच्या Accessibility मध्ये जाऊन Mono audio चालू करून बघावं. डावं-उजवं एकसारखं झालं की ट्रॅक जवळपास संपूर्ण नाहीसा होतो. तो असा नाहीसा झाला तर दोष वायरीचा, मिक्सरचा नाही. उपाय म्हणजे एका बाजूला 3.5 मिलिमीटरची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली वायर. त्या दोन पिना दोन चॅनेलमध्ये किंवा मिक्सरवर L आणि R अशी लाइनची जोडी असेल तर तिथे घालाव्यात. त्यानंतर आमचा तबला परत आला.

बाकी कमी आवाजाचं बहुतेक वेळा साधंच असतं. आवाजाच्या वाटेवर चार-पाच नळ असतात आणि त्यांतला एखादा अर्धा बंद असतो. सुरुवातीच्या नळापासून बघत जावं. माइकच्या रिसीव्हरवर आवाजाचं बटण असतं, ते कुणी बघतच नाही. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा, पण ट्रॅक फाटायला लागला तर एक-दोन घर खाली. मग काकूंना सगळ्यात उंच ओळ पूर्ण गळ्याने म्हणायला लावायची आणि चॅनेलचा गेन इतकाच वाढवायचा की लाल दिवा क्वचित लुकलुकेल, सतत पेटणार नाही. स्पीकरचा आवाज सगळ्यात शेवटी. पुष्कळजण उलट करतात. गेन तळाला ठेवतात आणि स्पीकर पूर्ण फिरवतात. त्याने गळ्याबरोबर खरखरही तेवढीच मोठी होते. ब्लूटूथवर फोनचा आवाज पूर्ण असूनही मिक्सरमध्ये ट्रॅक दबलेलाच येत असेल, तर अँड्रॉइडच्या Developer options मध्ये Disable absolute volume नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की फोन आणि समोरचं यंत्र यांचे आवाज वेगळे होतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे वाढवता येतात.

माइक तोंडापासून किती लांब धरता याचाही हिशेब आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबलने उतरते. दोन-तीन बोटांच्या अंतरावरून माइक छातीपर्यंत खाली गेला की गेन वाढवावा लागतो, आणि गेन वाढला की माइक कुई करायला लागतो. ती कुई म्हणजे स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरणं. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवावा, आणि माइकची जाळी मुठीत धरू नये. जाळी झाकली की फक्त समोरचं ऐकण्याचा माइकचा गुण जातो आणि तो चहूकडचं ऐकायला लागतो. इकोचं बटणही कुईला हातभार लावतं, कारण प्रत्येक पुनरावृत्ती पुन्हा माइकमध्ये जाते. गच्चीवर भिंती नसल्याने थोडा इको गोड लागतो. फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या हॉलमध्ये तोच इको शब्द गिळतो, तिथे तो जवळजवळ बंदच ठेवावा.

ज्यांच्याकडे मिक्सर नाही, पोटातच स्पीकर असलेला ब्लूटूथ माइक आहे, त्यांची वाट आपोआप बरोबर असते. फोनवरून ट्रॅक येतो आणि गळा माइकच्या आतच त्यात मिसळतो. बिघडतं ते रेकॉर्डिंगचं अ‍ॅप उघडल्यावर. काही अ‍ॅप ब्लूटूथ माइकमधूनच आवाज मागतात, तेव्हा फोन त्याला कॉल समजतो आणि ट्रॅक एकदम टेलिफोनवरच्यासारखा चपटा आणि बारीक होतो. ब्लूटूथच्या यादीत त्या माइकसमोरच्या खुणेवर जाऊन Phone calls बंद करावं. मग ट्रॅक पूर्वीसारखा भरदार वाजतो, पण गळा फोनच्याच माइकमध्ये रेकॉर्ड होईल, तेव्हा फोन जवळ ठेवावा. रेकॉर्डिंग करताना ऐकायला वायरचे इयरफोनच लावावेत.

कोजागिरीला आम्ही ट्रॅक आधीच फोनमध्ये उतरवून ठेवले आणि फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे दुधाचा घोट घेता घेता कुणाचा कॉल स्पीकरवर वाजणार नाही. प्रत्येक बटणाच्या जागी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने खूण केली होती, काकूंच्या गळ्यासाठी एक आणि त्यांच्या नातवासाठी वेगळी, कारण तो माइक ओठांना लावून ओरडतो. काकूंनी तेच भावगीत म्हटलं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, त्या थांबल्या नाहीत.