दुसऱ्या तासाला येणारी झोप

‘मुलाला फिट येतात, गोळ्या चालू आहेत, कृपया सांभाळून घ्यावे.’ पालक शाळेला बहुधा एवढंच लिहितात. त्यातून बाईंना फिटची धास्ती तेवढी बसते. वर्गात रोज दिसतं ते वेगळंच. मूल बाकावर डोकं टेकतं, फळ्यावरचं उतरवताना ओळ गाळतं, प्रश्न विचारला की उत्तराला वेळ लावतं. फिट कित्येक महिने येत नाही, गुंगी मात्र रोजची. म्हणून चिठ्ठीत गुंगीबद्दलच जास्त लिहावं, आणि ती कोणत्या वेळी येते हे तर हमखास लिहावं.

फिट येते तेव्हा मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी बेसुमार विद्युतसंदेश सोडत असतात. औषध हा गोंधळ आवरतं, पण ते करताना लक्ष देणं, आठवणं, झटकन उत्तर देणं हेही थोडं मंदावू शकतं. प्रत्येक औषधाची तऱ्हा निराळी. फिनोबार्बिटोन आणि क्लोबाझामने झोप येते, टोपिरामेटने नेमका शब्द आठवत नाही, लेव्हेटिरासिटामने काही मुलं चिडचिडी होतात. औषध नवं असताना किंवा डोस वाढवल्यावर त्रास जास्त होतो, पुढे काही आठवड्यांत बहुतेकदा ओसरतो.

समजा, पाचवीतल्या एका मुलाला कार्बामाझेपिन चालू आहे आणि नुकताच डोस वाढवलाय. शाळा सकाळची. त्याच्या आईने असं लिहावं:

‘बाई, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलाला अपस्मारासाठी कार्बामाझेपिनची गोळी सकाळी सात आणि रात्री आठ वाजता देतो. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी डोस वाढवला. गोळी घेतल्यावर काही तासांनी रक्तातलं औषध सर्वांत जास्त असतं. त्यामुळे साधारण नऊ ते अकरा तो पेंगतो. कधी त्याला एकाच्या दोन ओळी दिसतात, म्हणून फळ्यावरचं चुकतं. तो कंटाळा करत नाही. या वेळात त्याला तोंडी विचारलंत, किंवा फळ्यावरचं शेजारच्या मुलाच्या वहीतून नंतर उतरवू दिलंत, तर बरं होईल. गणिताची चाचणी शेवटच्या तासाला घेता आली तर फार उपकार होतील. एक विनंती आहे. पुढचे दोन आठवडे तो किती वाजता पेंगला हे वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवाल का? ते मी डॉक्टरांना दाखवीन. तो उलट्या करू लागला किंवा चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर मला लगेच फोन करावा.’

शेवटचं वाक्य गाळू नये. झोकांड्या, उलट्या, सारखं दुहेरी दिसणं ही औषध जास्त होत असल्याची लक्षणं असू शकतात.

चिठ्ठीसोबत आणखी एक गोष्ट बाईंना समोर बसून सांगावी, कारण ती कागदावर नीट उतरत नाही. पेंगणं आणि फिट यांतला फरक. सगळ्याच फिटमध्ये मूल जमिनीवर पडून हातपाय झाडत नाही. काही फिटमध्ये ते बोलता बोलता थांबतं आणि शून्यात बघतं. ओठ चाटतं, किंवा हाताने शर्टाचं बटण चाळवत राहतं. पेंगणाऱ्या मुलाला नावाने हाक मारून खांद्यावर हात ठेवला की ते दचकून बघतं. फिटमधलं मूल हाकेला ओ देत नाही, नंतर थोडा वेळ गोंधळलेलंही असतं. अॅबसन्स नावाच्या प्रकारात तर सारा प्रकार काही सेकंदांत संपतो आणि मूल लगेच पूर्ववत होतं, म्हणून शिक्षकांना ते नुसतं ‘लक्ष नाही’ असं वाटतं. गंमत म्हणजे कार्बामाझेपिनने याच प्रकारच्या फिट वाढू शकतात. तेव्हा औषध सुरू झाल्यावर टक लावून बघणं वाढलं, तर ती गुंगी समजून सोडून देऊ नये, डॉक्टरांना कळवावं.

बाईंच्या नोंदींनी डॉक्टरांचं काम खरोखर सोपं होतं. ‘दिवसभर मलूल असतो’ एवढ्यावरून त्यांना फारसं काही ठरवता येत नाही. नोंदींत पेंग रोज साडेनऊच्या सुमारासच दिसली, तर ते साध्या गोळीऐवजी हळूहळू विरघळणारी, म्हणजे सीआर गोळी देऊ शकतात, किंवा डोसचा मोठा वाटा रात्रीकडे सरकवू शकतात. पेंग वेळीअवेळी दिसली, तर रात्रीची अपुरी झोप, रात्री येणाऱ्या फिट किंवा सोबतचं दुसरं औषध यांचा शोध घ्यावा लागतो. पालकांनी मात्र आपल्या मनाने सकाळची गोळी टाळू नये. परीक्षेच्या दिवशी मूल तरतरीत राहावं म्हणून असं केलं जातं, आणि औषध एकदम तुटलं की लागोपाठ, न थांबणाऱ्या फिट येण्याचा धोका असतो.

गोळी किंवा वेळ बदलली की जुन्या चिठ्ठीतले नऊ ते अकरा चुकीचे ठरतात. त्याच दिवशी बाईंना दोन ओळींची नवी चिठ्ठी द्यावी: नवी गोळी कोणती, केव्हा दिली, आणि आता कोणत्या तासाला लक्ष ठेवायचं.